कॅसेट कुठल्या गावची?

चिपळूणहून आलेल्या त्या बाईंनी पिशवीतून तीन कॅसेट काढल्या आणि मागोमाग एका चादरीत गुंडाळलेला व्हीसीआर टेबलावर ठेवला. २०२१च्या पुरात खालचा मजला पाण्यात गेला, पण हे सामान माळ्यावर होतं म्हणून वाचलं. आजोबा आखातात नोकरीला होते. कुठल्या देशात, किती वर्षं, हे सांगणारं आता घरात कुणी उरलं नाही. आजी 'अरबस्तानात' एवढंच म्हणायची. कॅसेटवरची लेबलं वाळवीनं खाल्लेली, शाई उडालेली. "काका, यात काय आहे ते बघाच," त्या म्हणाल्या, "पण हे कुठलं आहे, तेही सांगता येईल का?"

जुन्या व्हिडिओ टेप संगणकावर उतरवून द्यायचं काम मी पुण्यात बरीच वर्षं करतो. 'काय आहे' याचं उत्तर यंत्र देतं. 'कुठलं आहे' याचं उत्तर शोधावं लागतं, आणि त्याची सुरुवात टेपवर रंग कसा भरला आहे, इथून होते.

रंगीत टीव्ही आला तेव्हा जगात रंग पाठवण्याच्या तीन पद्धती झाल्या. अमेरिकेनं १९५३ साली एनटीएससी मान्य केली. तिच्यात रंगाची छटा एका लहरीच्या कलावरून, म्हणजे ती लहर नेमकी कुठल्या क्षणी वर चढते यावरून ठरते. वाटेत तो क्षण जरा इकडेतिकडे झाला की चेहरा हिरवट किंवा जांभळट दिसतो. जर्मनीत टेलिफुंकन कंपनीच्या वाल्टर ब्रुख यांनी यावर उपाय काढला तो पाल. चित्राच्या एका आड एका ओळीत रंगलहरीचा एक भाग उलटा करून पाठवायचा, म्हणजे एका ओळीत चूक हिरव्याकडे झुकली तर पुढच्या ओळीत तितकीच उलट झुकते आणि दोन्ही मिळून फिटते. फ्रान्समध्ये आँरी द फ्रान्स यांनी सेकॅम ही तिसरी वाट धरली. एका ओळीत एक रंग-माहिती, पुढच्या ओळीत दुसरी, आणि टीव्हीनं आधीची ओळ लक्षात ठेवून दोन्ही जोडायच्या. पाल आणि सेकॅमचं रंगीत प्रक्षेपण युरोपात १९६७ साली सुरू झालं. भारतानं १९८२ साली रंगीत प्रक्षेपण सुरू केलं ते पालमध्ये. त्या वर्षीचं दिल्लीचं एशियाड ज्यांनी रंगीत पाहिलं, त्यांनी पाल पाहिलं.

मग कुठल्या देशानं काय घेतलं, यामागे तंत्राइतकंच राजकारण आणि व्यापार होता. अमेरिका, कॅनडा, जपान, दक्षिण कोरिया, फिलिपाइन्स एनटीएससीकडे. भारत, पश्चिम युरोपचा बराच भाग, ब्रिटन, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया पालकडे. फ्रान्स, सोव्हिएत संघ आणि अरब जगाचा मोठा तुकडा सेकॅमकडे. आपल्या कोकणी माणसाच्या दृष्टीनं यात एक गोष्ट फार कामाची आहे. आखात एकजिनसी नव्हतं. दुबई-अबुधाबी, कुवेत, बहारीन, कतार, ओमान पाल वापरत होते, तर सौदी अरेबियाचं सरकारी प्रक्षेपण सेकॅममध्ये होतं. इराण आणि इराकही सेकॅममध्ये. 'अरबस्तानात' या एका शब्दाची दोन भागांत फाळणी रंग करून देतो.

कॅसेट यंत्रात घालण्याआधी मी ती उजेडात धरतो. खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी असते. कोकणातल्या कॅसेटमध्ये ती दहातल्या निम्म्या वेळा भेटते, आणि तशीच चालवली तर यंत्राच्या डोक्याला लागून पुढच्या प्रत्येक कॅसेटला चिकटते. या तिन्ही सुदैवानं स्वच्छ होत्या. मग डबीवरचं अक्षर वाचायचं. दोन कॅसेटवर ई-१८० छापलं होतं, तिसरीवर टी-१२०. ई म्हणजे ५० फील्डच्या देशांसाठी, १८० मिनिटं. टी म्हणजे ६० फील्डच्या देशांसाठी, १२० मिनिटं. गंमत अशी की आत टेप जवळपास तितकीच असते. ई-१८० मध्ये सुमारे २५८ मीटर, टी-१२० मध्ये सुमारे २४७. फरक टेप पळण्याच्या वेगाचा आहे. नेहमीच्या वेगात एनटीएससी यंत्र सेकंदाला ३३ मिलिमीटर टेप खातं आणि पाल यंत्र २३. म्हणून टी-१२० कॅसेट आपल्याकडच्या यंत्रात जवळजवळ तीन तास रेकॉर्ड करते.

पण हे अक्षर फक्त कोरी कॅसेट कुठल्या बाजारासाठी बनली ते सांगतं. न्यू जर्सीहून आलेला भाचा कोऱ्या टी-१२० ची चळत भेट देऊन जायचा आणि त्यांवर इथं 'रामायण' उतरायचं, अशा कॅसेट मी हातानं हाताळल्या आहेत. अक्षराला मी साक्षीदार मानतो, पुरावा मानत नाही.

पहिला खरा पुरावा कॅसेट चालवल्यावर मिळतो. चित्र सेकंदाला ५० वेळा रंगतं की ६० वेळा? ज्या देशांत विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा, तिथं टीव्हीचं चित्रही ५० फील्डचं आखलं गेलं. जिथं ६०चा, तिथं साधारण ६०चं. आरंभीच्या टीव्हीत विजेच्या गुणगुणीचा पट्टा चित्रावर सरकत राहू नये म्हणून ही जोडी जमवली होती. चित्रातल्या ओळीही त्याबरोबर ठरल्या, ५० ला ६२५ आणि ६० ला ५२५. बहुपद्धती व्हीसीआर नसला तरी कानानं हे कळतं. अमेरिकेची टेप फक्त पाल जाणणाऱ्या यंत्रात घातली तर चित्र वर धावत सुटतं आणि आवाज जड, लांबलेला येतो, माणसं झोपेत बोलल्यासारखी. कारण टेपच्या कडेवर वेग राखायला सेकंदाला ३० खुणा भरलेल्या असतात आणि पाल यंत्र त्या सेकंदाला २५ च्या बेतानं मोजतं. उलट केलं, म्हणजे आपली टेप अमेरिकी यंत्रात घातली, की आवाज पातळ होऊन घाईघाईनं पळतो.

पहिली ई-१८० माझ्या यंत्रात लावली. चित्र लगेच थरथर न करता उभं राहिलं. ५० फील्ड. आवाज नीट. स्टुडिओतल्या टेबलामागे एक निवेदक, खाली अरबी अक्षरांची पट्टी. पण सगळं काळंपांढरं.

इथं बरेच लोक चुकतात. काळंपांढरं दिसलं की टेप जुनी, रंग उडाला, किंवा मूळ कार्यक्रमच काळापांढरा असं गृहीत धरून तसंच उतरवून घेतात. व्हीएचएस टेपवरचा रंग जुन्या फोटोसारखा हळूहळू फिका होऊन शून्यावर येत नाही. तो खराब होतो तेव्हा रंगात कचकच येते, पट्टे येतात, रंग येतो-जातो. स्वच्छ, शांत, पूर्ण काळंपांढरं चित्र येतं तेव्हा बहुतेक वेळा यंत्राला रंग ओळखता आलेला नसतो. टीव्हीत त्यासाठी खास मंडल असतं, त्याला दुरुस्तीवाले कलर किलर म्हणतात. ओळखीची रंगखूण सापडली नाही की ते रंगाचा रस्ताच बंद करतं, म्हणजे निदान चित्रावर रंगीत गोंगाट होत नाही. पाल आणि सेकॅमची उजेड-अंधाराची माहिती सारखीच असते, ६२५ ओळी आणि ५० फील्ड. भांडण फक्त रंगाचं. म्हणून सेकॅमची टेप पालच्या यंत्रात निर्दोष काळीपांढरी दिसते.

माझ्या यंत्राच्या मागे एक सरकणारं बटण आहे, पाल आणि मेसेकॅम. ते सरकवलं. निवेदकाच्या मागचा पडदा गडद हिरवा झाला.

मेसेकॅम हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण तो कुठल्याही प्रक्षेपण केंद्राचा नाही, फक्त टेपचा आहे. व्हीएचएस टेपवर रंग आहे तसा मावत नाही, म्हणून व्हीसीआर तो खालच्या सुरात उतरवून भरतो आणि परत वाजवताना वर चढवतो. फ्रान्समधल्या यंत्रांनी सेकॅमचा रंग चारानं भागून उतरवला. पण आखातात आणि पूर्व युरोपात विकायची यंत्रं मूळ पालची होती. त्यांत पालचीच उतरण वापरून सेकॅम भरण्याची तोडगा-व्यवस्था केली गेली, तीच मेसेकॅम. त्यामुळे पॅरिसमध्ये भरलेली टेप आणि रियाधमध्ये भरलेली टेप, दोन्ही सेकॅम असूनही, एकमेकींच्या यंत्रांत काळ्यापांढऱ्या दिसतात. संशोधकाच्या दृष्टीनं हे वरदान आहे. मेसेकॅमच्या बटणावर रंग आला याचा अर्थ ही टेप फ्रान्सची नाही, ती पालच्या कुळातल्या यंत्रानं सेकॅमचं प्रक्षेपण पकडून भरलेली आहे. सौदी, इराण, इराक, इजिप्त, किंवा सोव्हिएत बाजू. अरबी अक्षरं दिसत असल्यानं मॉस्को बाद झालं. पट्टीवरचं अरबी माझ्या ओळखीच्या एका मौलवींना फोनवर दाखवलं. त्यांनी त्यातला राजघराण्याचा उल्लेख वाचला आणि आम्ही सौदीवर येऊन थांबलो.

दुसरी ई-१८०. ५० फील्ड, आणि पालवर लगेच रंग. वाढदिवसाचा केक नव्हता, लग्न नव्हतं, हीही टीव्हीवरून भरलेली. इंग्रजी मालिका, मधूनमधून जाहिराती. आणि इथं टेपनं तोंड मिटलं.

टेपची ही मर्यादा नीट समजून घ्यायला हवी. टीव्हीच्या पद्धतींना रंगाच्या नावापुढे एक अक्षरही लावतात. पाल-बी, पाल-जी, पाल-आय, पाल-डी, पाल-के. ते अक्षर बहुतांशी हवेतून येणाऱ्या लहरीबद्दल असतं, आणि त्यातली सगळ्यांत ठळक गोष्ट म्हणजे चित्राच्या लहरीपासून आवाजाची लहर किती दूर बसवली आहे. भारत, आखात आणि जर्मनीत साडेपाच मेगाहर्ट्झ. ब्रिटन, आयर्लंड, हाँगकाँगमध्ये सहा. चीन आणि सोव्हिएत संघात साडेसहा. व्हीसीआरचा ट्यूनर हे अंतर पार करून चित्र आणि आवाज वेगळे करतो, आणि मगच ते टेपवर जातात. म्हणजे टेपवर पोहोचेपर्यंत ते अक्षर पुसलं गेलेलं असतं. मुंबईची, दुबईची, लंडनची आणि सिंगापूरची टेप या बाबतीत हुबेहूब एकसारखी असते. टेपकडे कितीही बारकाईनं पाहा, पाल-बी आणि पाल-आय यांतला फरक तिच्यात नाही.

तो फरक यंत्राच्या अंगावर असतो. म्हणून मी लोकांना सांगतो, कॅसेट आणता तशी ज्या यंत्रावर ती भरली ते यंत्रही, बंद पडलेलं असलं तरी, आणा. भंगारात देऊ नका.

चिपळूणचा व्हीसीआर उलटा केला. मागच्या पत्र्यावर चिकटवलेल्या पाटीवर टीव्ही पद्धतीपुढे पाल बी/जी आणि सेकॅम बी/जी, आणि खाली एनटीएससी फक्त वाजवण्यापुरतं. विजेच्या ओळीत ११० पासून २४० व्होल्टपर्यंत, ५०/६० हर्ट्झ. ही आखाती दुकानासाठी बनलेल्या यंत्राची पाटी आहे. ब्रिटनसाठीच्या यंत्रावर फक्त पाल-आय लिहिलेलं असतं आणि २४० व्होल्ट. ऐंशीच्या दशकात इंग्लंडहून व्हीसीआर घेऊन आलेल्या लोकांना याचा त्रास झाला. भाड्यानं आणलेल्या कॅसेट त्यावर छान चालत, पण दूरदर्शन मात्र लागत नसे. कारण ब्रिटनचं रंगीत प्रक्षेपण सगळं यूएचएफ पट्ट्यावर होतं आणि त्यांच्या बहुतेक यंत्रांत व्हीएचएफ ट्यूनर बसवलेलाच नसे. दूरदर्शनचा मुख्य कारभार तेव्हा व्हीएचएफवर होता.

आता ट्यूनरची खरी दप्तरी नोंद. त्या काळच्या बऱ्याच व्हीसीआरच्या पुढच्या किंवा वरच्या बाजूला एक छोटं झाकण असतं. ते उघडलं की आत ओळीनं बारा-सोळा बारीक दातेरी चकत्या, प्रत्येकीशेजारी एक लाल काटा आणि एक तीन घरांची खिटी. खिटीची तीन घरं म्हणजे तीन पट्टे, व्हीएल, व्हीएच आणि यू, कधी रोमन एक, तीन आणि यू. व्हीएल हा खालचा व्हीएचएफ, आपल्या पद्धतीत चॅनेल २ ते ४. व्हीएच वरचा, ५ ते १२. यू म्हणजे यूएचएफ, २१ पासून पुढे. खिटी एका घरात सरकवून चकती फिरवत राहायचं, चित्र आलं की थांबायचं, आणि त्या बटणावर सोबत आलेल्या पानावरचा आकड्याचा किंवा नावाचा चिकटपट्टीचा तुकडा लावायचा. माणूस ज्या गावी राहिला तिथली केंद्रं या काट्यांत गोठलेली राहतात.

नुसता चॅनेलचा आकडा मात्र फसवतो, कारण देशोदेशी मोजणी वेगळी. अमेरिकेत व्हीएचएफ २ ते १३ आणि यूएचएफ १४ पासून. सुरुवातीच्या अमेरिकी यंत्रांवर तर दोन मोठ्या गोल चकत्या असत, एक २ ते १३ ची, दुसरी १४ ते ८३ ची. जपानची मोजणी १ ते १२ आणि पुढे यूएचएफ १३ ते ६२. युरोपात, आपल्याकडे आणि आखातात २ ते १२ आणि यूएचएफ २१ ते ६९. ऑस्ट्रेलियात शून्यापासून अकरा, आणि मध्येच ५ए नावाचा एक चॅनेल. म्हणून मी चकतीच्या टोकांकडे पाहतो. १३ वर संपणारी चकती अमेरिकेची, १ ने सुरू होणारी जपानची, शून्यानं सुरू होणारी ऑस्ट्रेलियाची. मधला ३ किंवा ४ कुठलाही असू शकतो, आणि दोन देशांतला चॅनेल ३ हा हवेत एकाच जागी नसतोही. मागच्या बाजूला टीव्हीला जोडायच्या वायरीजवळ 'चॅनेल ३/४' असं छोटं बटण असेल तर ते यंत्र बहुधा अमेरिकेचं. तिथं लिहिलेला आकडा ३० ते ३९ च्या दरम्यान असेल तर ते युरोपच्या धर्तीचं.

चिपळूणच्या यंत्राचं झाकण उघडलं. पहिल्या खिटीचं घर व्हीएल, काटा मध्यावर, बटणावर कुणीतरी बॉलपेननं 'दूरदर्शन' लिहिलेली कागदाची चिंधी. दुसरं बटणही व्हीएचएफवर. तिसऱ्या खिटीचं घर यू, काटा डावीकडून पावभर अंतरावर, आणि बटणावर कंपनीचा छापील पिवळा तुकडा, ३३. पुढची सगळी बटणं कोरी, काटे टोकाला टेकलेले.

इथं मी खुर्ची ओढून बसलो. यंत्र भारतात आल्यावर कुणीतरी पहिली दोन बटणं दूरदर्शनसाठी नव्यानं जुळवली. तिसऱ्याला हात लावायचं कारण नव्हतं. तिथं जुनं गाव राहून गेलं. आणि दुबईची इंग्रजी वाहिनी यूएचएफच्या ३३ व्या चॅनेलवर लागायची, तिचं नावच चॅनेल ३३ होतं. दुसऱ्या ई-१८० मध्ये इंग्रजी मालिका आणि मधल्या जाहिराती होत्या, आता त्या थांबवून थांबवून पाहिल्या. एका दुकानाच्या जाहिरातीत खाली देरा लिहिलेलं दिसलं. दुबईचा बाजारभाग. काटा, तुकडा आणि जाहिरात, तिघांनी एकच गाव सांगितलं. एकट्या तुकड्यावर मी भिस्त ठेवली नसती, कारण तो दुकानदारानं नमुना म्हणून लावलेला असू शकतो, आणि एकट्या जाहिरातीवरही नाही, कारण टेप कुणीतरी कुणाकडून उतरवून घेतलेली असू शकते.

तिसरी कॅसेट, टी-१२०. माझ्या पाल यंत्रात घातली तर चित्र धावलं आणि आवाज जड झाला. म्हणजे ६० फील्ड. यंत्र एनटीएससीवर घेतलं. रंग आला. चित्रात एक लग्न, कोकणातलं. अंगणात मांडव, माडाच्या झापा, सनई. टेप सांगते अमेरिका, चित्र सांगतं रत्नागिरी जिल्हा.

उत्तर मांडवातल्या ट्यूबलाइटनं दिलं. घरातलं प्रत्येक दृश्य भराभर धडधडत होतं, सेकंदाला वीसएक वेळा. बाहेर उन्हात धडधड नाही, आत ट्यूबखाली आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवर चालणारी ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते. पालचा कॅमेरा सेकंदाला ५० फील्ड घेतो. प्रत्येक फील्डच्या वाट्याला नेमके दोन उजाळे येतात, सगळी फील्ड सारखी, धडधड नाही. अमेरिकी कॅमेरा सेकंदाला साठेक घेतो. एका फील्डला उजाळा जास्त, दुसऱ्याला कमी, असं होत होत सेकंदाला साधारण वीस वेळा हेलकावा दिसतो. म्हणजे कॅमेरा अमेरिकेचा आणि ट्यूब भारताची. अमेरिकेत तिथल्याच कॅमेऱ्यानं घेतलेल्या घरगुती टेपमध्ये ही धडधड नसते. बाई म्हणाल्या, "मामा अमेरिकेत होते. आईच्या लग्नाला आले होते, कॅमेरा घेऊन." कॅमेऱ्याला ट्यूनरच नसतो, तेव्हा तिथं वाचायला पाटी नव्हती. प्रकाशानं तिची जागा घेतली.

या टेपबद्दल एक जपून सांगावंसं वाटतं, कारण अशाच टेपवर मी पूर्वी एकदा चुकलो आहे. तेव्हा एका कुटुंबाची कॅसेट उतरवताना ६० फील्डचं चित्र आलं, पण संगणकावर रंग उमटला तो `PAL_60` निवडल्यावर. पाल रंग आणि ६० फील्ड अशी जोडी प्रक्षेपणात खरोखर होती, ती ब्राझीलमध्ये, पाल-एम. मी पाकिटावर 'ब्राझील' लिहून दिलं. कुटुंबातलं कुणी त्या खंडावर कधी गेलं नव्हतं. आठवडाभरानं कळलं, माझ्या व्हीसीआरचं बटण 'पाल टीव्हीवर एनटीएससी' या जागी होतं. भारतीय टीव्हीवर अमेरिकेच्या कॅसेट दिसाव्यात म्हणून अशी यंत्रं वाजवताना रंग पालमध्ये बदलून देतात, फील्ड मात्र ६०च ठेवतात. मी वाचत होतो ते यंत्राचं भाषांतर होतं, टेप नव्हे. ब्राझीलच्या पालची रंगलहर ३.५८ मेगाहर्ट्झजवळ असते आणि या बदललेल्या पालची ४.४३ वर, एवढा एक आकडा तपासला असता तर चूक टळली असती. मी त्या कुटुंबाला पाकीट बदलून दिलं, आणि तेव्हापासून काहीही ठरवण्याआधी व्हीसीआरची सगळी बटणं मूळ जागी आणतो.

असाच दुसरा धोका नकलांचा. अमेरिकेतली टेप पूर्वी काही दुकानं पालमध्ये बदलून द्यायची. ती पालच दिसते, रंगही पालचा. पण माणूस वेगानं हात हलवतो तेव्हा हाताला फिकट सावली लागते, आडवा कॅमेरा फिरला की चित्र अडखळत सरकतं. ६० ची ५० करताना फील्ड एकमेकांत मिसळावी लागतात, त्याच्या या खुणा. त्या दिसल्या की पालवर विश्वास ठेवायचा नाही, मूळ दुसरीकडचं आहे.

संध्याकाळी तिन्ही कॅसेटवर नवी लेबलं लावली. तिसरीवर 'एनटीएससी कॅमेरा, चित्रण कोकणात'. दुसरीवर 'पाल, दुबई, चॅनेल ३३'. पहिलीवर 'मेसेकॅम, सौदी टीव्ही' लिहिलं आणि बाईंना एक खुलासा केला. टेपला प्रक्षेपण केंद्र कळतं, घर कळत नाही. दम्माम आणि बहारीन यांच्यामध्ये समुद्राची चिंचोळी पट्टी आहे, आणि दम्मामकडच्या घरांतून बहारीनची पाल वाहिनी दिसायची, तशी बहारीनमधून सौदीचीही. तेव्हा आजोबा सौदीत होते असं मी म्हणणार नाही. सौदीची वाहिनी पकडता येईल अशा घरात ती भरली गेली, एवढंच म्हणेन.

त्यांनी पिशवीतून एक पासपोर्ट काढला. त्यात दुबईचे शिक्के होते, पहिला १९८४ चा. त्याआधीचा पासपोर्ट हरवला आहे. दुबईची टेप या पासपोर्टशी जुळत होती. सौदीच्या टेपला जोडायला कागद नव्हता.

"म्हणजे दुबईच्या आधी काहीतरी होतं," त्या म्हणाल्या. यंत्र पुन्हा चादरीत गुंडाळताना त्यांनी तिसऱ्या बटणावरचा पिवळा तुकडा निघू नये म्हणून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावायला सांगितली. मी लावून दिली.